मध्येच आलेल्याला चिठ्ठी

परवा संध्याकाळी नातू मराठीची वही घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसला. सातवीत आहे. गृहपाठाचा प्रश्न असा होता : 'तुमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच नवीन विद्यार्थी आला आहे. त्याचे स्वागत करणारी व त्याला शाळा दाखवण्याची तयारी दर्शवणारी चिठ्ठी लिहा. गुण ५.' उत्तर त्याने लिहूनच आणलं होतं. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघून द्यायचं, एवढंच काम होतं.

चिठ्ठी अशी होती : 'प्रिय मित्रा, सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेत तुझे हार्दिक स्वागत! आमची शाळा म्हणजे ज्ञानमंदिरच आहे. येथे भव्य इमारत, सुसज्ज प्रयोगशाळा, समृद्ध ग्रंथालय व विशाल क्रीडांगण आहे. आमचे शिक्षक प्रेमळ व कर्तव्यदक्ष आहेत. तुला येथे खूप आवडेल. मी तुला संपूर्ण शाळा दाखवीन. तुझा मित्र, अ. ब. क.'

ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. गाइडमधून उतरवलेलं असल्यावर कशी असेल!

मी म्हटलं, "बाळा, ही वाचून त्या पोराला पाणी कुठे प्यायचं ते कळलं का?"

तो म्हणाला, "आजी, पाच मार्कांचं आहे गं. एवढं कोण विचारतं?"

मग मी चष्मा काढून ठेवला. आमच्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली बरीचशी आत्ताच्या वाशीम जिल्ह्यात (तेव्हा तो अकोल्यातच होता, वेगळा झाला १ जुलै १९९८ ला). या एका चिठ्ठीवर मला बरंच बोलायचं आहे, आणि नातवाला वेळ नसतो. म्हणून इथे लिहिते आहे.

जूनमध्ये येणाऱ्या मुलाची काळजी सगळे करतात. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जरा उशिरा उघडतात, पण उघडल्या की प्रवेशोत्सव असतो. गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, दारावर तोरण, एखादे पदाधिकारी, फोटो. चांगलं आहे, माझी हरकत नाही. पण त्या दिवशी सगळेच नवे असतात. बाकावरच्या जागा ठरलेल्या नसतात, पुस्तकांचा गठ्ठा नुकता सुटलेला असतो, बाईंना कुणाचंच नाव येत नसतं. नवं असण्याचा त्रास सगळ्यांत वाटून जातो.

दिवाळीनंतर येणाऱ्याचं तसं नसतं. पुस्तकं वाटून झालेली असतात. गणवेशाची मापं घेऊन गणवेशही आलेले असतात. हजेरीपटावर त्याचं नाव सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत चढतं; हाताने वाढवलेली ओळ असते ती, शाईही वेगळी दिसते. हजेरी घेताना चाळीस मुलं 'हजर' म्हणून मोकळी झालेली असतात आणि मग एकट्या त्याच्या नावाला सगळा वर्ग मान वळवून बघतो. रोज.

आणि आमच्या भागात दिवाळीनंतर मुलं येतातच. मानोरा, मंगरूळपीरकडच्या तांड्यांवरून काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कारखान्यांचं गाळप सुरू झालं की निघावं लागतं, ते मार्च-एप्रिलपर्यंत. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलांना बरोबर नेलं तर शाळा बुडते. म्हणून काही जण लेकरू मामाकडे, मावशीकडे, आजीकडे ठेवून जातात. ते गाव दुसरं, शाळा दुसरी. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती द्यायचं शिक्षण हमी कार्डही आहे. पण ज्या लेकराला मावशीच्या दारात सोडून आईबाप रात्रीच्या ट्रॅक्टरने गेले, ते सकाळी आपल्या वर्गाच्या उंबऱ्यात उभं असतं, तेव्हा त्याच्या हातात बहुधा काहीच नसतं.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं शहाणपण कुठून आलं ते कळेल.

१९८१ सालची गोष्ट. तिसरीचा वर्ग होता माझ्याकडे. गावाचं नाव लिहीत नाही. डिसेंबरात एक मुलगा आला. मी तेव्हा तिशीची, उत्साही. मी त्याला वर्गासमोर उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हटलं, "आता हा आपल्याला आपली ओळख करून देईल." नाव सांग, गाव सांग, वडील काय करतात ते सांग. त्याने नाव सांगितलं. गाव सांगताना अडखळला, कारण तीन गावं झाली होती. वडिलांचं विचारल्यावर म्हणाला, "इटा पाडते." मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी हसणाऱ्याला रागावले, चांगली पाच मिनिटं रागावले, आणि तोवर तो मुलगा तिथेच उभा. माझ्या डोक्यातच आलं नाही की याला आधी बसू द्यावं.

दोन दिवस आला. दोन्ही दिवस दप्तर मांडीवर घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी आला नाही. मी आठवड्याने भट्टीवर गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, "नाही म्हणते तो. तिथं समदे पाह्यतात म्हणते."

म्हणजे मी स्वागतच केलं होतं. टाळ्यांसकट.

आता दुसरी गोष्ट, तेवीस वर्षांनंतरची. नोव्हेंबर २००४. पाचवीचा वर्ग, मानोरा तालुक्यातलं गाव. दिवाळीची सुट्टी संपून चार दिवस झाले होते. एक मावशी आपल्या भाचीला घेऊन आली. मुलगी तांड्यावरची, आईबाप ऊसतोडीला गेलेले. दाखला नाही. मागच्या शाळेचं नाव तिला सांगता येत होतं, गुरुजींचं आडनावही. कागद मात्र कुठलाच नाही. हेडसर चांगले होते, म्हणाले, बसू द्या, दाखला मागवू. बसवलं.

या वेळी मी तिला वर्गासमोर उभं केलं नाही. दुसऱ्या रांगेत खिडकीकडे जागा करून दिली आणि त्याच रांगेतल्या एका मुलीला मधल्या सुट्टीत बोलावून म्हटलं, "नव्या मुलीला एक चिठ्ठी लिही. तुझ्या मनाने लिही. तिला आज काय काय माहीत पाहिजे, ते लिही."

ही मुलगी का निवडली, ते सांगते, कारण इथेच बरेच जण चुकतात. आपण मॉनिटरला सांगतो, नाहीतर पहिल्या नंबरच्या मुलीला. पहिल्या नंबरची मुलगी नव्या मुलीला शाळा दाखवत नाही, स्वतःला दाखवते. आणि मॉनिटरला रोज दहा कामं असतात, अकरावं काम म्हणून ती नव्या मुलीला फिरवून आणते. मी निवडलेली मुलगी अभ्यासात मधली होती. तिच्यात दोन गोष्टी होत्या. ती स्वतः दुसरीत असताना मार्चमध्ये आमच्या शाळेत आली होती. आणि तिचं घर मावशीच्या घराच्या वाटेवर होतं. शाळा सुटल्यावर त्या दोघी एकाच रस्त्याने जाणार होत्या.

तिने पहिली चिठ्ठी लिहून आणली ती थेट माझ्या नातवासारखी! 'आमच्या शाळेत तुझे स्वागत असो.' दोष तिचा नव्हता, मीच वर्षभर पत्रलेखनाचे नमुने फळ्यावर लिहून देत होते. मायना, मजकूर, समाप्ती, उजव्या कोपऱ्यात पत्ता. मी विचारलं, "तू दुसरीत आलीस तेव्हा पहिल्या दिवशी तुला काय समजत नव्हतं?"

ती लगेच म्हणाली, "संडासची चाबी."

म्हटलं, तेच लिही.

मग जी चिठ्ठी आली ती मी माझ्या डायरीत उतरवून ठेवली होती, म्हणून जशीच्या तशी देते :

'तू माह्या बाजूले बसजो. पाण्याची टाकी हापशीपाशी हाये, गिलास घरून आणा लागते, उद्यापर्यंत माहा घेजो. पोरींच्या संडासची चाबी हेडसरच्या खोलीत खिळ्याले लटकून हाये, इचारा लागत नाही, घ्याची अन् परत लावाची. खिचडी मोठ्या सुट्टीत भेटते. ताट आणजो. बाई वरडतात पण मारत नाहीत. गणितात भागाकार चालू हाये, मले बी येत नाही. घंटा दोन येळा वाजली तं सुट्टी, लय येळ वाजली तं घरी. सुट्टीत आपून दोघी जाऊन पाहू. घरी बी संगच जाऊ.'

खाली शाळेचा नकाशा काढला होता. खोल्या चौकोनी, हापशी ओळखू येण्यासारखी, आणि कडुनिंबाच्या झाडाखाली लिहिलं होतं 'इथं आपून खेळतो'.

हेडसरांनी चिठ्ठी पाहिली. म्हणाले, "बाई, शुद्धलेखन?" मी म्हटलं, "सर, पत्ता बरोबर आहे ना?" ते हसले आणि विषय संपला. पण त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असं नाही. मराठीच्या तासाला मी तीच मुलगी 'आहे'ऐवजी 'हाये' लिहील तर खूण करतेच. चिठ्ठी मात्र तिने तिच्यासारख्याच एका मुलीला लिहिली होती. तिथे प्रमाणभाषा आणली असती तर ती बाईंची चिठ्ठी झाली असती, फक्त अक्षर मुलीचं.

त्या चिठ्ठीत काय आहे, त्यापेक्षा काय नाही ते बघा. एकही प्रश्न नाही. तुझे बाबा काय करतात, तू का आलीस, आधीची शाळा कशी होती, किती दिवस राहणार, यातलं काही नाही. नव्या मुलाला पहिल्या दिवशी सगळे जण विचारत असतात, आणि ज्याचं उत्तर सांगायला त्याला नको वाटतं नेमकं तेच विचारतात. चिठ्ठी फक्त देते, मागत नाही. 'मले बी येत नाही' हे तर मी सांगूनही लिहून घेऊ शकले नसते. ती मुलगी पाचवीत आली होती, पण भागाकार तर सोडाच, तिचा हातच्याचा गुणाकारही कच्चा होता. कारण दुसरीपासून तिचं प्रत्येक वर्ष अर्धंच झालेलं. शेजारणीलाही येत नाही हे कळल्यावर तिने पाटी लपवली नाही.

एक अडचण निघाली, ती मला आधीच कळायला हवी होती. तिला वाचता येत होतं, पण जोडाक्षरं आणि हाताने लिहिलेलं भरभर वाचता येत नव्हतं. चिठ्ठी हातात धरून ती नुसती बघत राहिली. मग लिहिणारीनेच बोट ठेवून वाचून दाखवली. झालं ते बरंच झालं. त्यानंतर मी नियमच केला, चिठ्ठी हातात देऊन निघून जायचं नाही, शेजारी बसून वाचायची. आणि नकाशा असलाच पाहिजे. वाचता येणाऱ्यालाही तो लागतो, कारण गडबडलेल्या माणसाला डावं-उजवं लक्षात राहत नाही.

आता शाळा दाखवण्याबद्दल. गृहपाठातला मुलगा 'संपूर्ण शाळा दाखवीन' म्हणतो. संपूर्ण शाळा एका दिवसात दाखवायची नसते. आम्ही तीन दिवस केले. पहिल्या दिवशी पहिल्या सुट्टीच्या आधी फक्त तीन जागा, पाणी, संडास आणि स्वतःची बसायची जागा. सुट्टीच्या आधी अशासाठी, की सुट्टीत सगळी पोरं तिथेच गर्दी करतात आणि नवं लेकरू धक्के खात मागे राहतं. मी तास चालू असतानाच दोघींना पाच मिनिटं बाहेर सोडलं. दुसऱ्या दिवशी खिचडीची रांग आणि झाडाखालचा खेळ. रांगेत कुठे उभं राहायचं, ताट कुठे धुवायचं, खेळात कुणाच्या बाजूने घ्यायचं. खेळाचं महत्त्वाचं असतं, कारण जोड्या आधीच सम झालेल्या असतात आणि एक जण वाढला की कुणाला तो नको असतो. यासाठी मी आधीच्या दिवशीच एका मुलीला दुसऱ्या खेळाकडे वळवून ठेवलं होतं. हे मुलांना कळू द्यायचं नसतं. तिसऱ्या दिवशी गावातला रस्ता, कुठल्या घरचा कुत्रा भुंकतो, दुकान कुठलं.

आणि तिसऱ्याच दिवशी आमची वाटाडी तापाने घरी राहिली!

नवी मुलगी सुट्टीत फाटकाजवळ जाऊन उभी राहिली. मी व्हरांड्यातून बघत होते. फाटकाजवळ उभं राहणं ही वाईट खूण असते. दप्तर खाली न ठेवणं ही दुसरी. तिसरी खूण लोकांच्या लक्षात येत नाही. ते मूल दिवसभर पाणीच पीत नाही, म्हणजे मग संडासलाही जावं लागत नाही. आणि चौथी, मोठ्या सुट्टीत घरी जेवायला म्हणून जातं ते परत येत नाही. या चारांतल्या दोन खुणा सलग दोन दिवस दिसल्या की समजावं, मूल हातचं निघालं. त्या दिवसानंतर मी चिठ्ठीवर नेहमी दोघांची नावं लिहायला लावली. एक आजारी पडला तर दुसरा असतो.

एक प्रसंग भाषेचाही झाला. डबा सोडताना ती भाकरीला 'बाटी' म्हणाली. गोरमाटीत भाकरीला बाटीच म्हणतात. दोघी-तिघी हसल्या. १९८१ ची मी असते तर उभी राहून रागावले असते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने केले आणि वर्गातल्या तांड्यावरच्या बाकीच्या मुलांना विचारलं, आईला काय म्हणता? 'याडी.' भाकरीला? असे बरेच शब्द झाले. नव्या मुलीला मी मुद्दाम काही विचारलं नाही. पण चौथा की पाचवा शब्द आला तेव्हा एका मुलाने चुकीचा सांगितला, आणि तिने बसल्या जागेवरून त्याला दुरुस्त केलं. तिचा वर्गातला पहिला मोठ्याने बोललेला शब्द तो.

सगळं ठीक झालं हे मला कशावरून कळलं, विचाराल तर हसाल. दहाव्या-बाराव्या दिवशी ती भांडली. खेळात डाव चुकीचा दिला म्हणून आमच्या वाटाडीचीच वेणी ओढली तिने. दोघी रडत माझ्याकडे आल्या. मी दोघींना रागावले, पण आतून मला फार बरं वाटलं. पाहुणं मूल भांडत नाही.

ती एप्रिलमध्ये गेली. आईबाप परत आले, घेऊन गेले. भागाकार तिला आला का? दोन अंकी भाजकापर्यंत आला, तीन अंकी नाही. चिठ्ठीने अर्ध्या वर्षाचा अभ्यास भरून निघत नाही, तसं कुणी समजू नये. त्याला शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास लागला. आणि हे मी खेदाने लिहिते, पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती मावशीकडे आली नाही. कुठे होती ते मला कळलं नाही.

दाखल्याचं राहिलं. त्या मुलीचा दाखला जानेवारीत आला. दुसऱ्या एखाद्या शाळेत तेवढे दोन महिने ती घरीच बसली असती. दाखला आणा मग बसवू, हे उत्तर तेव्हा सर्रास मिळायचं. मी निवृत्त झाले २००९ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमात लिहिलं आहे की शाळा बदलणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. चौथ्या कलमानुसार वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. ही तरतूद सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. माझ्या वाचकांत दोन-तीन मुख्याध्यापक आहेत, त्यांना हे माहीत असणारच. पण वाचकांत मावश्या आणि आज्याही आहेत, त्यांच्यासाठी लिहिलं. फाटकावरून परत पाठवलं तर हे कलम तोंडपाठ असू द्या.

माझ्या एका मैत्रिणीचं (तीही शिक्षिकाच होती) म्हणणं असं, की हे सगळं बाईंनीच करावं, मुलांवर का टाकायचं? मला ते पटत नाही. बाईंना संडासच्या चावीचं कळत नाही. बाईंना खेळातली जोडी कळत नाही. वर्गात कोण चिडवतं आणि कोण नुसतं चिडवल्यासारखं करतं, हे शेजारच्या बाकावरच्यालाच माहीत असतं. बाईंनी योग्य मूल निवडायचं, पाच मिनिटं मोकळी करून द्यायची आणि नंतर व्हरांड्यातून बघत राहायचं. बघत राहणं मात्र सोडायचं नाही.

असो. तर नातवाकडे वळते. हे सगळं (बरंच कमी करून) त्याला सांगितलं आणि सहज विचारलं, "तुमच्या वर्गात खरंच कुणी मध्येच आलंय का रे?"

"हो, आहे ना एक. दिवाळीनंतर आला. पुण्याहून."

"नाव काय त्याचं?"

तो गप्प. मग म्हणाला, "आम्ही त्याला पुणेकरच म्हणतो. तो 'मला नको आहे' असं म्हणतो, आजी. सगळे हसतात." आमच्याकडे 'मले नाही पाह्यजे' म्हणतात ना!

डिसेंबर संपत आलाय. म्हणजे महिनाभर हे पोर त्या वर्गात बसतंय, आणि त्याच वर्गातली पन्नास मुलं नव्या मित्राला चिठ्ठी लिहिण्याचा गृहपाठ करताहेत. मास्तरांनी मुद्दामच दिला असेल का हा प्रश्न? असेलही. मला तसं वाटून घ्यायला आवडेल.

मी म्हटलं, "तो सुट्टीत कुठे असतो?"

"माहीत नाही. पायऱ्यांवर बसतो बहुतेक."

"दप्तर घेऊन?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

रात्री जेवणानंतर त्याने वहीतलं मधलं पान काढलं. मला दाखवणार नाही म्हणाला, मग दाखवलं. लिहिलं होतं : 'तुझं खरं नाव सांगशील का, मी पुणेकर म्हणणार नाही. नळाचं पाणी गरम लागतं, ऑफिसमागे माठ आहे, तिथलं पी, शिपाईकाका काही म्हणत नाहीत. पायऱ्यांवर आठवीची मुलं येतात, तिथे बसू नको. क्रिकेटमध्ये आमच्याकडे एक कमी आहे. उद्या ये, दाखवतो सगळं.'

एक प्रश्न आहे, नाव विचारलंय. तेवढं चालेल. 'क्रिकेटमध्ये एक कमी आहे' हे खरं आहे का, विचारलं. म्हणाला, "नाही, पण एकाला अंपायर करतो."

काल शाळेतून आला तेव्हा विचारलं. चिठ्ठी दिली, वाचली त्याने, खिशात ठेवली, काही बोलला नाही. माठाचं पाणी प्यायले दोघं. खेळायला मात्र आला नाही, उद्या बघू म्हणाला. नाव कळलंय आता, पण ते इथे लिहीत नाही.

आणि गृहपाठाच्या वहीत गाइडमधलंच उतरवून दिलं. पाचपैकी साडेचार मिळाले. अर्धा मार्क तारीख लिहिली नाही म्हणून गेला.